चावीवाल्याची वही

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा कार्यकारिणीने फारच आग्रह धरला. लेखन हा आमचा प्रांत नव्हे. नोकरीची बहुतेक वर्षे बुंदेलखंडात, रेल्वेच्या रुळांची निगा राखण्यात गेली. तेव्हा नवे काही रचण्यापेक्षा, मार्च २०१७ मध्ये आमच्या गँगच्या मेळाव्यात केलेले एक लहानसे भाषण येथे मराठीत देत आहोत. त्या वर्षी आमच्या सेक्शनला देखभालीची ढाल मिळाली होती. त्यानिमित्त गँगच्या खोलीसमोर, कडुनिंबाखाली, बाटी आणि वांग्याच्या भरिताचा बेत होता. मूळ भाषण हिंदीत झाले. रुळांशी ज्यांचा संबंध केवळ गावी जाण्यापुरता येतो, अशा वाचकांसाठी एकदोन ठिकाणी खुलासा अधिक घातला आहे, एवढेच.

बंधूंनो,

बाटी निखाऱ्यावर आहे आणि तुमचे लक्ष तिकडे आहे, हे आम्ही जाणतो. ढाल आपल्या सर्वांची आहे. तिच्याविषयी वरिष्ठ साहेब आताच बोलून गेले. आम्हाला बोलायचे आहे ते झाडाच्या बुंध्याआड बसलेल्या दद्दांविषयी. दद्दा, आपण उठू नका, आणि कृपा करून निघूनही जाऊ नका. पाच मिनिटे आपल्याला आमचे ऐकावे लागेल.

दद्दा आपले चावीवाले. हे नाव जुन्या काळचे. तेव्हा रूळ स्लीपरांवर लोखंडी वा लाकडी चाव्या ठोकून घट्ट बसवीत. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या ढिल्या होत आणि चावीवाला रोज चालत जाऊन त्या पुन्हा ठोकी. आता चाव्या गेल्या, सिमेंटचे स्लीपर आले आणि चावीच्या जागी पोलादाची वळवलेली क्लिप आली. नाव मात्र राहिले, आणि चालणेही राहिले. दद्दांचे बीट सहा किलोमीटरांचे आहे. जाताना एका रुळाच्या कडेने जायचे आणि परतताना दुसऱ्या रुळाच्या, म्हणजे रोज बारा किलोमीटर, तेही खडीवरून. एका किलोमीटरात १,६६० स्लीपर आणि प्रत्येक स्लीपरावर चार क्लिपा. तेव्हा सहा किलोमीटरांत जवळजवळ चाळीस हजार क्लिपा होतात. त्यांतील कोणती सुटली, कोणती सैल झाली, हे पाहायचे, ठोकायचे, आणि संध्याकाळी वहीत लिहायचे.

त्या वहीत दद्दा बहुधा दोनच शब्द लिहितात: ‘सब ठीक’. आमच्या कबुलीजबाबाचा आरंभ येथूनच होतो. आम्ही आठवड्यातून एकदा त्या वहीवर सही करीत असू. वाचीत होतो असे म्हणवत नाही. दोन शब्द लिहिणारा माणूस काय पाहत असणार, असेही मनात कधी येऊन गेले असेल.

३० डिसेंबरला त्या वहीत ‘सब ठीक’च्या पुढे आणखी एक ओळ आली. एका वेल्डचा क्रमांक, आणि पुढे ‘नीचे ज़ंग। पोंछा।’ दुसऱ्या दिवशी तोच क्रमांक: ‘फिर ज़ंग। पोंछा।’ अशा, रविवारची सुट्टी वगळता, ९ जानेवारीपर्यंत नऊ नोंदी आहेत. त्यांतील सातांवर आमची सही आहे, आणि सहीखेरीज काही नाही.

गंज तो काय, पोलादाला चढतोच, असे कोणी म्हणेल. आम्हीही तेच म्हटले. पण दद्दांचे म्हणणे गंजाविषयी नव्हते, तो परत येण्याविषयी होते. जुना गंज करडा-तपकिरी असतो आणि पुसला तर निघत नाही. येथे सकाळच्या दवात वेल्डच्या गळपट्टीखालून, रुळाच्या पायाच्या कडेला, केसासारखी बारीक तांबूस रेघ उतरत होती. ती फडक्याने पुसली तर जाई आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा हजर. म्हणजे आत कुठेतरी ताजे पोलाद उघडे पडत होते आणि गाड्यांच्या भाराने त्याची दोन तोंडे एकमेकांवर घासत होती. हे सारे आम्ही आता सांगतो आहोत. तेव्हा हा विचार केला होता तो दद्दांनी.

९ तारखेला सकाळी ते कार्यालयात आले. आपण सर्व जाणता की पगाराच्या तक्रारीसाठीसुद्धा ते कधी आलेले नाहीत. आम्ही सांगितले, ‘दद्दा, हा वेल्ड नोव्हेंबरच्या अल्ट्रासोनिक तपासणीत पास झाला आहे.’ ते म्हणाले, ‘पास तो हुआ है, साहब। पर रोज़ पोंछता हूँ, रोज़ आता है।’ एवढे बोलून ते उभेच राहिले. वाद घातला असता तर आम्हीही घातला असता. परंतु जो माणूस नुसता उभा राहतो, त्याच्याशी वाद कसा घालावा? दुपारी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. खरे सांगायचे तर त्यांची समजूत घालण्यासाठीच गेलो.

तपासणी चुकली होती का? नाही. यंत्र रुळावरून चालते आणि ध्वनी वरून खाली सोडते. तो रुळाच्या डोक्यातून आणि पोटातून सरळ उतरतो. पायाच्या दोन बाजूंच्या कडा त्याच्या वाटेवर येतच नाहीत. त्यांच्यासाठी वेल्डवर हाताने वेगळी तपासणी करावी लागते, आणि या वेल्डची ती पाळी अजून यायची होती. यंत्राने जे पाहिले ते बरोबरच सांगितले. जे पाहिले नाही त्याविषयी ते गप्प होते. त्या गप्प बसण्याला आम्ही होकार समजलो.

जागेवर आम्हाला प्रथम काही दिसले नाही. मेटनी तारेच्या ब्रशने जागा घासली, रॉकेल चोळले, थोड्या वेळाने कोरडे पुसले आणि वर खडू फासला. पाच मिनिटे गेली असतील. पांढऱ्या खडूवर एक काळसर रेघ हळूहळू उमटली, सुमारे चार बोटे लांब. भेगेत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपत होते. त्या वेळी आमच्याकडे कोणी पाहिले नसेल तर बरे.

पुढचे काम तुम्ही सर्वांनी केले. वेल्डच्या फुगवट्याला जागा राहील अशा वाकवलेल्या फिशप्लेट दोन्ही बाजूंनी लावून क्लॅम्पांनी आवळल्या. गाड्यांची गती ताशी ३० किलोमीटरवर बांधली. तो भाग कापून रुळाचा नवा तुकडा घालण्यासाठी १२ जानेवारीची दुपार ठरली.

मंडळी, ११ च्या रात्री कशी थंडी पडली होती ते तुम्ही भोगले आहे. पूर्वी गाडीची जी खडखड ऐकू येई ती रुळांच्या सांध्यांची. आता सांधे वेल्ड करून रूळ किलोमीटरच्या किलोमीटर अखंड केलेले असतात. थंडीत रूळ आखडू पाहतो, पण क्लिपा आणि खडी त्याला आखडू देत नाहीत. मग ती ओढ पोलादाच्या आत साठते. आपल्या ६० किलोच्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन. ताणमुक्तीचे तापमान ४० अंश धरले आणि पहाटे रूळ ४ अंशांवर आला, तर छत्तीस अंशांची घट, म्हणजे एका रुळात जवळजवळ ६८ टनांची ओढ. भेग गेलेला वेल्ड ती किती सोसणार?

१२ तारखेला पहाटे धुक्यात दद्दांना तो तुटलेला आढळला. फट सुमारे वीस मिलिमीटर होती. त्यांनी स्टेशनला फोन केला, लाल झेंडा रोवला आणि येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावले. ६०० मीटरवर एक फटाका, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन. धुक्यात झेंडा दिसत नाही. चाकाखाली फुटलेला फटाका मात्र ऐकू येतो. गाडी थांबली. या धावण्याबद्दल दद्दांना रोख बक्षीस मिळाले, साहेबांनी हस्तांदोलन केले. ते योग्यच झाले.

पण आम्ही आज उभे आहोत ते त्या धावण्यासाठी नव्हे. तुटलेले तोंड आम्ही नंतर बारकाईने पाहिले. खाली पायाच्या कडेला चंद्रकोरीएवढा भाग काळपट, जुना. बाकी सारे ताजे, खडीसाखरेसारखे चकाकणारे. आणि वरच्या कडा ठेचलेल्या. कडा ठेचल्या जातात त्या चाकांनी. मध्यरात्रीनंतर त्या मार्गावरून तीन गाड्या गेल्या होत्या, त्यांत एक प्रवाशांची होती. रूळ तुटल्यानंतर त्यांतल्या किती गेल्या हे सांगणे शक्य नाही. निदान एक तरी गेलीच. ती ३० च्या गतीने गेली, आणि तुटलेली दोन टोके फिशप्लेटांनी एका रेषेत धरून ठेवली होती. त्या वेळी दद्दा घरी झोपले होते. त्या गाडीसाठी ते धावले नाहीत. तिच्यासाठी जे करायचे ते त्यांनी नऊ दिवस फडके हातात घेऊन, आणि एक दिवस आमच्या टेबलासमोर उभे राहून केले होते. त्याबद्दल बक्षिसाच्या कागदावर रकाना नाही.

तेव्हा, दद्दा, आपल्या वहीवर न वाचता सही केली याबद्दल आम्ही आपली सर्वांसमक्ष क्षमा मागतो. उद्यापासून कोणत्याही चावीवाल्याच्या वहीत ‘सब ठीक’हून निराळा एक शब्द असला, तर त्याच्यासमोर आमच्या हातचे उत्तर असेल: जाऊन पाहिले, काय आढळले, काय केले. आणि ते नसेल, तर ती वही घेऊन आपण खुशाल आमच्यासमोर येऊन उभे राहा.

गँगने वर्गणी काढून आपल्यासाठी जोडे आणले आहेत. माप भौजींना विचारून घेतले आहे, तेव्हा लहान-मोठे झाल्यास दोष आमच्याकडे नाही. मेट बाटी झाल्याची खूण करीत आहेत.

(भाषण येथे संपले. सर्वांनी आग्रह केला तेव्हा दद्दा उभे राहिले. जोडे काखेत धरून त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘साहब, पुलिया के पास तीन क्लिप बदलने हैं। नये भिजवा देना।’ मग ते बाटी वाढू लागले.)