सापडलं म्हणजे खरं नव्हे

पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणारे बरेच जण हल्ली कोणतं पॅकेज घ्यायचं ते एआयलाच विचारतात. उत्तर लगेच येतं, आदेशासकट. २०२३ च्या सुमारास अशा उत्तरांत हा आदेश वारंवार दिसू लागला:

```
pip install huggingface-cli
```

यात वरकरणी खटकण्यासारखं काही नाही. हगिंग फेस ही खरी कंपनी. huggingface-cli ही तिची आज्ञाही खरी. पण ती आज्ञा ज्या पॅकेजमधून मिळायची त्याचं नाव huggingface_hub. एआयनं आज्ञेचंच नाव पॅकेजला चिकटवलं, आणि तेही पुनःपुन्हा.

बार लान्याडो या सुरक्षा-संशोधकानं हे हेरलं. पायथॉनची पॅकेजं जिथून उतरवतात, त्या PyPI या भांडारात त्यानं डिसेंबर २०२३ मध्ये त्याच नावाचं रिकामं पॅकेज ठेवून दिलं. तीन महिन्यांत ते ३०,००० हून अधिक वेळा उतरवलं गेलं. अलिबाबाच्या एका प्रकल्पाच्या सूचनांमध्येही तोच आदेश निघाला! लान्याडोच्या जागी एखादा भामटा असता तर? काही पॅकेजं बसवतानाच त्यांच्यातला कोड चालतो. म्हणून ‘बसवून तर बघू’ ही तपासणीच नव्हे.

नाव भांडारात सापडलं, उतरवणाऱ्यांचा आकडाही मोठा दिसला, तरी त्यावर विसंबता येत नाही, हे या प्रकरणानं दाखवलं. तपास उलट्या बाजूनं करावा. आधी मूळ प्रकल्पाच्या अधिकृत माहितीपानावर जा आणि पॅकेजचं नाव तिथून घ्या. भांडारातल्या पानावर मूळ कोडचा दुवा असतो, पण तो पॅकेज ठेवणाऱ्यानंच लिहिलेला असू शकतो. त्या कोडच्या जागी याच पॅकेजचा उल्लेख आहे का, ते पाहा. जुन्या, नावाजलेल्या प्रकल्पाचं पॅकेज गेल्याच आठवड्यात अवतरलं असेल, तर थांबा.

एआयनं सुचवलेल्या पुस्तकांचंही तसंच. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली १० अस्तित्वातच नव्हती. इसाबेल अलेंदे ही लेखिका खरी, पण तिच्या नावावरचं ‘टाइडवॉटर ड्रीम्स’ तिनं लिहिलेलंच नाही. आज ते नाव शोधलं तर निकाल भरपूर मिळतात, पण ते त्या फजितीच्या बातम्यांचे! त्यापेक्षा लेखकाच्या प्रकाशकाची यादी पाहावी, ग्रंथालयाची सूची पाहावी.

शोधनिबंधाचा दुवा असेल, तर त्याचा डीओआय, म्हणजे 10. नं सुरू होणारा क्रमांक, doi.org वर टाका. कधी पान उघडतं, पण निबंध भलताच निघतो. म्हणून शीर्षक, लेखक, वर्ष ताडून पाहायचं. आणि साधा दुवा उघडलाच नाही, तर तो बनावटच असेल असं नाही. पान हललेलंही असू शकतं. वेबॅक मशीन या संग्रहात जुनी प्रत मिळाली, तर पान एकेकाळी होतं हे नक्की. न मिळाली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळी पानं तिथं पोचलेली नसतात.