डब्यावरचा रुपया आणि ताटातले अंडे



आजचा विषय दुकानातला आहे आणि शाळेतलाही आहे. तेलाच्या डब्यावर कधी कधी असे छापलेले असते की, हा डबा आपण घेतलात तर एक रुपया शाळकरी मुलांच्या पोषणासाठी जाईल. आपण डबा घेतो, थोडे बरे वाटते आणि पुढे त्या रुपयाचे काय झाले ते विसरून जातो. व्यापारी आणि सेवाभावी संस्था यांची अशी भागीदारी पोकळ केव्हा ठरते आणि भरीव केव्हा होते, एवढेच मला आज शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांच्या मापाने पाहायचे आहे.

ही रीत आपल्याकडची नव्हे. 1983 साली अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेस या कंपनीने जाहीर केले की, आमचे कार्ड वापरून केलेल्या प्रत्येक व्यवहारामागे आम्ही एक सेंट, आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला देऊ. सुमारे सतरा लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही चांगलाच वाढला. व्यापाऱ्याला लाभ झाला म्हणून दान खोटे ठरत नाही. पण पुतळा एकदा दुरुस्त झाला की काम संपते, आणि मुलाला उद्या पुन्हा भूक लागते. मोहिमेचा साचा तोच ठेवून तो मुलांच्या ताटाला लावला की पंचाईत होते, ती इथे.

आता तेलाचाच हिशेब मांडू. सरकारच्या शालेय पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज 5 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला साडेसात ग्रॅम तेल धरलेले आहे. साठ मुलांची एक प्राथमिक शाळा घ्या. दिवसाला 300 ग्रॅम तेल झाले. शाळेचे दिवस 220 धरले तर वर्षाचे 66 किलो, म्हणजे सुमारे साडेबहात्तर लिटर. लिटरचा भाव समजा 150 रुपये. वर्षाचा खर्च अकरा हजारांच्या आत राहिला. लिटरमागे रुपया दिला तर एवढी रक्कम जमायला जवळजवळ अकरा हजार लिटर तेल खपावे लागेल. महिन्याला चार लिटर वापरणारी सव्वादोनशे घरे वर्षभर तेच तेल घेतील, तेव्हा एका शाळेचे तेल निघेल. आणि ते तेल तर योजनेत आधीच मोजलेले आहे! तेलवाल्याने शाळेला तेलच दिले, तर छायाचित्रात डबे छान दिसतील. मुलाच्या पोटात मात्र कदाचित एक थेंबही जास्त जाणार नाही. ही पहिली पोकळी.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, ताटात काय कमी आहे? नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एकदा मुलांना अंडे, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळे, द्यायचे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला आणि लोकसहभागातून सोय करावी असे शाळांना सांगण्यात आले. ही खरी जागा. तेल विकणाऱ्याने अंडे का द्यावे, असे कोणी म्हणेल. त्याने आपला माल द्यावा असा नियम कुठे आहे? मुलाला जे मिळत नाही ते द्यावे, एवढाच नियम पुरे.

साठ मुले, वर्षाचे चाळीस आठवडे, अंड्याचे सात रुपये: 16,800 रुपये झाले. परंतु आपल्या भागात एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात आणि त्यांतली मुले काही दिवसांनी जवळच्या शाळेत दिसू लागतात. जूनच्या पटावर ती नसतात. करारात जूनचा पट धरला, तर सर्वांत उपाशी मूलच वगळले जाते, आणि जाहिरातीत ते कोणाला कळतही नाही. समजा अशी वीस मुले सोळा आठवडे शाळेत आली, तर 2,240 रुपये आणखी लागतील. एकूण 19,040. म्हणजे करारात पटसंख्येऐवजी त्या त्या आठवड्याची हजेरी धरायला हवी.

दुसरी पोकळी रुपयाच्या रचनेतच आहे. अशा पन्नास शाळा घेतल्या तर वर्षाला साधारण साडेनऊ लाख लागतील. लिटरमागे रुपया या दराने त्यासाठी सुमारे वीस हजार घरांनी वर्षभर तेच तेल घ्यायला हवे. भाव चढला, खप घसरला, की मुलाचे अंडेही जाणार. व्यापारातील जोखीम व्यापाऱ्याची असते. ती लहान मुलाच्या ताटावर टाकणे न्यायाचे नाही. म्हणून कंपनीने साडेनऊ लाख रुपये खप होवो न होवो देण्याचे आधी लिहून द्यावे, तीन वर्षांसाठी द्यावे, आणि खपातून त्याहून जास्त जमले तर शाळांची संख्या वाढवावी. देणगीला वरची मर्यादा असेल तर ती डब्यावरच छापावी. मर्यादा गाठल्यानंतरही तेच डबे विकत राहिले, तर गिऱ्हाईक ज्या रुपयासाठी डबा घेतो तो रुपया कुठेही जात नसतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेपुढील कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. 2021 मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत असे स्पष्ट आहे की, आपल्या मालाची विक्री वाढावी या हेतूने दिलेले प्रायोजकत्व त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही. तेव्हा डब्यावरचा रुपया हा जाहिरातीचा खर्च आहे आणि कंपनीने तो तसाच लिहावा. तोच रुपया एकदा डब्यावर व पुन्हा समाजकार्याच्या अहवालात दाखवणे म्हणजे एका अंड्याचे दोन ताटांत दर्शन घडवणे होय.

राहिला संस्थेचा धर्म. तिने आपले नाव उसने देताना तीन अटी घालाव्या. मुलांची छायाचित्रे डब्यावर येणार नाहीत. देणगीची रक्कम जाहिरातीच्या खर्चासह दरवर्षी प्रसिद्ध होईल. आणि ही मदत कोणत्या महिन्यात संपणार ते शाळेला पहिल्याच दिवशी कळेल, म्हणजे गावाला पुढची तजवीज करायला अवधी मिळेल. तिसरी अट सर्वांत कठीण, कारण मोहिमेच्या शेवटाची जाहिरात कोणालाच करायची नसते.

आणि हे सारे पाळले जाते की नाही, हे पाहायचे कसे? शाळेच्या दर्शनी फलकावर दर आठवड्याला तीन आकडे लिहावे: त्या दिवशी हजर मुले, आलेली अंडी व केळी, आणि वाटलेली. केंद्रप्रमुखाच्या सहीपेक्षा आईबापांच्या नजरेला हा फलक अधिक बोलतो. समजा सलग तीन आठवडे हजेरी बासष्ट, अडुसष्ट, बहात्तर अशी चढत गेली आणि अंडी मात्र साठच येत राहिली, तर समजावे की करार जूनमध्येच अडकला आहे आणि कोपीतली मुले बाकावर बसून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत आहेत. तसे दिसले तर संस्थेला पत्र लिहावे, आणि पत्रात हेच तीन आकडे तारखांसह टाकावे. कंपनी आणि संस्था दोघांनाही भावनेच्या पत्राला उत्तर देणे सोपे जाते. आकड्यांना द्यावे लागणारे उत्तर मात्र पुढच्या आठवड्याच्या टोपलीतून यावे लागते.