घर बघायला यायचंय? आधी कळवा : पेण-रोह्यातल्या घरमालकांसाठी

आजच्या भागात एका छोट्या कागदाविषयी बोलायचंय. भाड्याने दिलेलं घर तपासायला मालक येणार असेल, तर भाडेकरूला आधी द्यायची नोटीस. नोटीस म्हटलं की लोकांना वकील आणि कोर्ट आठवतं. इथे तसं काही नाही. चार-पाच ओळींचं साधं पत्र असतं. मी पेण आणि रोह्यात भाडेकरारांची कामं करतो, आणि अनुभव असा की अनामत रकमेवरून जेवढी भांडणं होतात, त्यातल्या बऱ्याच भांडणांची सुरुवात ‘न सांगता आले’ किंवा ‘घरात येऊच देत नाहीत’ या दोन तक्रारींपासून झालेली असते.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 28. अगदी लहान कलम आहे. भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेली जागा तपासण्याचा हक्क मालकाला आहे, पण योग्य वेळी आणि पूर्वसूचना देऊन. बस्स, एवढंच. यात दोन्ही बाजू आल्या. भाडेकरू ‘तुम्ही यायचंच नाही’ असं म्हणू शकत नाही, आणि मालक ‘माझं घर आहे, मी कधीही येईन’ असं म्हणू शकत नाही. लिव्ह अँड लायसन्स केलंय म्हणून हे लागू नाही, असंही नाही. कलमात लायसन्सचा उल्लेख स्पष्ट आहे.

हा कायदा सगळ्या गावांना सरसकट लागू नाही, त्याच्या अनुसूचीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या भागांना आहे. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, घर नगरपालिकेच्या हद्दीत असो की बाजूच्या ग्रामपंचायतीत, तपासणीचं कलम करारातच लिहून घ्या. म्हणजे वाद उरत नाही. शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 108 मध्येही, भाडेपट्टा असेल तर, मालकाला वाजवी वेळी जागा बघू द्यावी असं आहेच.

आता प्रश्न येतो, आधी म्हणजे किती आधी? कलम 28 मध्ये तास किंवा दिवस दिलेले नाहीत. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात आकडा आहे: किमान 24 तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना, तीत कारण, दिवस आणि वेळ, आणि येणं सकाळी 7 ते रात्री 8 च्या दरम्यान. हा नमुना कायदा आहे. राज्याने आपला कायदा त्यावर बेतल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. पण ‘वाजवी’ म्हणजे काय, याचा अंदाज घ्यायला चांगला आहे.

माझं म्हणणं, 24 तास ही खालची मर्यादा समजा. ठरवून करायच्या तपासणीला पूर्ण 7 दिवस द्या. कारण आपल्याकडची माणसं कामं कशी करतात ते बघा. रोह्याला धाटाव एमआयडीसीत निम्मी वस्ती शिफ्टमध्ये. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी 11 वाजता झोपलेला असतो. त्याच्यासाठी ती ‘योग्य वेळ’ नाही, घड्याळ काहीही सांगो. पेणला गणपतीचे कारखाने. भाड्याच्या शेडमध्ये ओल्या शाडूच्या मूर्ती फळ्यांवर मांडलेल्या असतात, गणपतीच्या आधीचे महिने रात्री जागून काम चालतं. तिथे चार माणसं घेऊन अचानक शिरलं तर मूर्तीचा हात मोडायला वेळ लागत नाही. आठ दिवस आधी कळलं तर कारागीर माल एका बाजूला लावून ठेवतो, मालकाला भिंत आणि पत्रा नीट दिसतो. दोघांचंही काम होतं.

एक उदाहरण घेऊ. तपशील समजण्यापुरते मीच धरले आहेत. रोह्यात वरच्या मजल्यावरचा वन बीएचके. मालक ठाण्याला राहतात. भाडेकरू नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा धाटावला शिफ्टमध्ये. गेल्या पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल आली होती. मालकांना यंदा पाऊस लागायच्या आत स्लॅब बघायचा आहे. कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आणि वॉटरप्रूफिंगला स्लॅब कोरडा लागतो. म्हणजे तपासणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी, तरच मिस्त्री शोधून काम उरकायला तीन-चार आठवडे मिळतात. मालकांनी 10 मे 2026, रविवार, हा दिवस धरला आणि शनिवारी, 2 मे रोजी नोटीस पाठवली. दिवस मोजताना पाठवल्याचा दिवस धरायचा नाही आणि येण्याचाही नाही. 3 ते 9, पूर्ण सात दिवस झाले.

नोटीस अशी होती:

‘दि. 2 मे 2026. स.न.वि.वि. आपण राहत असलेल्या सदनिकेची पावसाळ्यापूर्वी पाहणी करण्यासाठी मी रविवार, दि. 10 मे 2026 रोजी सकाळी 11 ते 12 या वेळेत येऊ इच्छितो. माझ्यासोबत फक्त एक मिस्त्री असतील. बेडरूम आणि किचनचं छत, बाथरूमच्या भिंती, खिडक्यांच्या कडा आणि विजेचा मुख्य बोर्ड एवढंच बघायचं आहे. आपली कपाटं, सामान किंवा कागदपत्रं बघितली जाणार नाहीत. फोटो फक्त ओल आणि भेगांचे, आपल्यासमोर काढले जातील. ही वेळ सोयीची नसेल तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रविवार, 17 मे, यापैकी सोयीचं 6 मेपर्यंत कळवावं. पाहणीच्या वेळी आपण किंवा आपल्या घरातलं मोठं माणूस हजर असावं. आपल्यालाही काही दुरुस्ती सुचवायची असल्यास लिहून ठेवावी.’

खाली नाव, सही, फोन. हे व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि एक प्रत पोस्टाने. भाडेकरूंचं उत्तर आलं: शनिवारी रात्रपाळी आहे, रविवारी दुपारपर्यंत झोपणार, संध्याकाळी 5 ला या. मालकांनी ‘ठीक, 5 ते 6’ असं लेखी उत्तर दिलं. हे उलट उत्तर विसरू नका. बदललेली वेळ कागदावर नसेल तर पुढे जो तो आपापली वेळ सांगतो.

या नोटिशीत काय काय आहे ते बघा. एक तासाची वेळ आहे. ‘रविवारी कधीतरी येतो’ असं लिहिलं तर त्या कुटुंबाचा अख्खा रविवार अडकतो. कोण येणार ते आहे. हे महत्त्वाचं, कारण पुष्कळदा मालक तपासणीच्या नावाखाली गिऱ्हाईक दाखवायला आणतात, सोबत एजंट, त्याचा मित्र. घर विकायचं म्हणून दाखवायचं असेल तर ते कारण वेगळं लिहा आणि त्यासाठी करारात सोय ठेवा. आणि काय बघणार नाही, तेही लिहिलंय. भाडेकरूंच्या घरातली, विशेषतः बायकांची, खरी धास्ती हीच असते की कोणी परका माणूस आतल्या खोलीत फिरेल, मोबाईल काढून सगळीकडे फोटो घेईल. एका वाक्याने ती धास्ती कमी होते.

प्रत्यक्ष पाहणी अर्ध्या तासात होते. पोपडे आलेल्या जागी हात लावून बघा. गार आणि दमट लागलं तर ओल अजून जिवंत आहे. कोरडी पिवळी वलयं असतील तर जुनी गळती. उन्हाळ्यात, पाऊस नसताना ओल जिवंत असेल, तर पाणी बहुतेक नळाच्या लाइनमधून किंवा गच्चीवरच्या टाकीतून येतंय; मग वॉटरप्रूफिंगवर पैसे घालून उपयोग नाही. नंतर एका कागदावर काय दिसलं, कोण काय दुरुस्त करणार, कधीपर्यंत, एवढं लिहून दोघांच्या सह्या. मोठी दुरुस्ती साधारणपणे मालकाकडे. मालक ती करत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 नुसार भाडेकरू 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश मर्यादेत.

आता बिघडतं कुठे? पहिली गोष्ट, दुसरी चावी. मालकाकडे चावी असणं चूक नाही, पण भाडेकरू नसताना ती लावून आत जाणं हा गुन्हा ठरू शकतो. घर मालकाचं असलं तरी ताबा भाडेकरूचा आहे, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 329, म्हणजे अतिक्रमणाचं, ताबा बघतं. त्रास देण्याच्या किंवा धमकावण्याच्या इराद्याने आत गेलात, तर सात-बारा किंवा घरपट्टी दाखवून सुटका नाही.

दुसरी गोष्ट, वारंवारता. दर महिन्याला ‘पाहणी’ म्हणजे पाहणी नव्हे, तो छळ. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आपल्या हवामानात पुरेसं आहे.

तिसरी, खरी तातडी. पाइप फुटून खालच्या घरात पाणी उतरतंय, बोर्डातून धूर येतोय, कुंडलिकेचं पाणी चढलंय. अशा वेळी सात दिवस कोणी मागत नाही. पण क्रम पाळा: आधी फोन, दोनदा तरी. मग मेसेज. मग सोसायटीचा पदाधिकारी किंवा शेजारी सोबत घेऊन आत, फक्त तेवढ्या कामापुरतं. बाहेर आल्यावर लगेच लिहून पाठवा: किती वाजता गेलो, कोण होतं, काय केलं. गळती आठवडाभर ठिबकते आहे, ही तातडी नव्हे.

आणि भाडेकरू नाहीच म्हणाला तर? दुसरी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने, त्यात वेगवेगळ्या दिवसांच्या दोन वेळा द्या आणि पहिल्या नोटिशीची तारीख लिहा. तरीही नकार आला, तर तो लेखी नकार हाच पुढे करार संपवताना किंवा कोर्टात तुमचा पुरावा. पाणी बंद करणं, वीज तोडणं, कुलूप लावणं यातलं काही करू नका. पाणी-वीज तोडण्याला कलम 29 चा थेट मज्जाव आहे आणि चांगली बाजू तिथेच हातची जाते.

करारात घालायचं वाक्य सांगतो, लिहून घ्या: ‘मालक वर्षातून जास्तीत जास्त दोन वेळा, किमान सात दिवसांची लेखी सूचना देऊन, दोघांना सोयीच्या वेळी, भाडेकरू किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत जागेची पाहणी करील, आग, पूर, गळती अशा आणीबाणीत सूचनेची अट लागू नाही.’ नवा करार नोंदवताना हे कलम आहे का, ते सही करण्याआधी मालकाने आणि भाडेकरूने, दोघांनी बघा.

आज इथेच थांबतो. तुमच्या करारातलं एखादं वाक्य समजत नसेल तर नाव-पत्ता झाकून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. नमस्कार.