निरोप देणे आणि निरोप घेणे : पोर्तुगीज क्रियापदांतील ‘से’



एका जुन्या पत्रातल्या पाच शब्दांपासून आरंभ करतो. गोव्यात १९६१पर्यंत कारभाराची भाषा पोर्तुगीज होती, आणि लिसेंवमध्ये शिकलेली हिंदू घरांतली मुलेही पुढे आपसांत पोर्तुगीजमध्ये पत्रव्यवहार करीत. अशा एका घरातल्या मुलीने आपल्या आजोबांचे पत्र वाचायला म्हणून माझ्याकडे आणले. आजोबा मोझांबिकमध्ये एका व्यापारी पेढीत कारकून होते आणि पत्र त्यांनी थोरल्या भावाला लिहिले होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच समजूत होती, की आजोबांना पेढीने काढून टाकले. त्याचे कारण कोणी बोलत नसे. पण जिथे कारण सांगितले जात नाही तिथे लोक वाईट कारणच धरून चालतात. पत्रातले शब्द होते ‘के मे देस्पेदी दा काझा’. मुलीने कोशात ‘देस्पेदीर’ हे क्रियापद पाहिले होते. अर्थ दिला होता : नोकरीवरून काढणे. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला होता.

तो तिथे का संपत नाही, हे सांगण्यासाठी आधी सकाळी उठण्यापासून सुरुवात करावी लागेल.

पोर्तुगीज शिकणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांतच दिनचर्या सांगायला लावतात. मी उठतो, कपडे घालतो, बसतो, रात्री निजतो. या सगळ्या क्रियापदांना एक शेपूट असते. ‘लेव्हान्तार’ म्हणजे उचलणे, उठवणे. ‘लेव्हान्तार-से’ म्हणजे उठणे. ‘देइतार’ म्हणजे आडवे करणे, निजवणे. ‘देइतार-से’ म्हणजे निजणे. हे ‘से’ कर्त्याप्रमाणे बदलते. मी असेन तर ‘मे’, तू असशील तर ‘ते’, तो किंवा ती असेल तर ‘से’, आम्ही असू तर ‘नुश’. म्हणून ‘मी उठतो’ हे ‘लेव्हान्तु-मे’ असे होते.

शिक्षक बहुधा सांगतात की ‘से’ म्हणजे ‘स्वतःला’. हे खोटे नाही, पण मराठी माणसाला ते आडवाटेला नेते. आपण कोणी ‘मी मला उठवतो’ असे म्हणत नाही. म्हटलेच तर घड्याळ न लावता उठणाऱ्याच्या बढाईसारखे वाटेल. आपली भाषा हे काम उलट्या दिशेने करते. आपल्याकडे मूळ धातू साधा असतो : उठणे, निजणे, बसणे. दुसऱ्याकडून ते करवायचे असेल तर आपण धातूला जोड देतो : उठवणे, निजवणे, बसवणे. पोर्तुगीजमध्ये मूळ क्रियापदच दुसऱ्यावर काम करणारे असते आणि ते स्वतःकडे वळवायचे असेल तर जोड लागते. ‘आ मांय देइता आ क्रियांसा’ म्हणजे आई मुलाला निजवते. ‘आ मांय देइता-से’ म्हणजे आई निजते. मराठीत निजवणाऱ्या आईला जादा अक्षर मिळते, पोर्तुगीजमध्ये निजणाऱ्या आईला. म्हणून ‘से’चा अर्थ ‘स्वतःला’ असा घोकण्यापेक्षा ‘क्रिया बाहेर कुणाकडे गेली नाही, कर्त्यापाशीच राहिली’ असा धरावा. पुढच्या सगळ्या गाठी त्याने सुटतात.

आता मुख्य प्रश्न. उठवणे आणि उठणे यांचे नाते कुणालाही दिसते. पण ‘शामार’ म्हणजे हाक मारणे आणि ‘शामार-से’ म्हणजे अमुक नाव असणे. ‘देस्पाशार’ म्हणजे माल रवाना करणे, अर्ज निकाली काढणे. ‘देस्पाशार-से’ म्हणजे घाई करणे. ‘आरांजार’ म्हणजे दुरुस्त करणे, जमवून आणणे. ‘आरांजार-से’ म्हणजे बाहेर जाण्यासाठी तयार होणे. इथे अर्थ बदलला असे वाटते आणि विद्यार्थी या जोड्या वेगवेगळे शब्द म्हणून पाठ करू लागतात.

त्याची गरज नाही, कारण आपल्या घरात रोज सकाळी हेच घडते. ‘घर आवर’ आणि ‘आवर लवकर, बस जाईल’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात आवरण्याची वस्तू बाहेर आहे. दुसऱ्यात वस्तूच नाही. आवरायचे ते आपलेच, म्हणजे अंघोळ, केस, कपडे. ‘काम आटप’ आणि नुसते ‘आटप’ यांचेही तसेच. नुसत्या ‘आटप’चा अर्थ ‘घाई कर’ असा कधी झाला हे आपल्या लक्षातही आलेले नाही. पोर्तुगीज आई मुलाला ‘देस्पाशा-ते’ म्हणते, तेव्हा ती नेमके हेच ‘आटप’ म्हणत असते. फरक इतकाच, की मराठीत कर्म गळते आणि अर्थ प्रसंगावरून कळतो. पोर्तुगीजमध्ये गळलेल्या कर्माच्या जागी ‘ते’ येऊन बसते.

म्हणजे अर्थ उडी मारत नाही, एक पाऊल टाकतो. क्रियापदाचा मूळ अर्थ रुंद असतो. बाहेरच्या वस्तूवर क्रिया झाली की त्या रुंद अर्थाचा एक भाग नेहमीच्या वापराने पक्का होतो. स्वतःवर झाली की दुसरा भाग पक्का होतो. काळाच्या ओघात दोन्ही टोके इतकी घट्ट होतात की मधली वाट दिसेनाशी होते. संस्कृत शिकलेल्यांना हे परके वाटू नये. पाणिनीच्या व्याकरणात क्रियेचे फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद, एरवी परस्मैपद, असा विभाग पुष्कळ धातूंना आहे. यज्ञ दुसऱ्यासाठी करणारा पुरोहित ‘यजति’, स्वतःच्या फळासाठी करणारा यजमान ‘यजते’. आणि भुज् धातूचे तर अर्थच वेगळे पडले. पालन करणे या अर्थी ‘भुनक्ति’, खाणे किंवा उपभोगणे या अर्थी ‘भुङ्क्ते’. राजा राज्याचे पालन करतो आणि माणूस भात खातो, दोन्हीला धातू एकच.

आता ‘देस्पेदीर’कडे येऊ. या क्रियापदाच्या पोटात ‘जायला लावणे, पाठवणी करणे’ ही कल्पना आहे. मालकाने नोकराची पाठवणी केली, की अर्थ होतो कामावरून काढणे. पण माणूस स्वतःचीच पाठवणी करतो तेव्हा? तो निरोप घेतो. म्हणून ‘देस्पेदीर-से’ म्हणजे निरोप घेणे. मराठीने हाच भेद देणे आणि घेणे या दोन क्रियापदांनी दाखवला आहे : निरोप देणारा एक, घेणारा दुसरा. आपल्याला ‘से’ नाही, पण ‘घेणे’ आहे, आणि ते पुष्कळदा ‘से’चेच काम करते. शिकणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच होते. एका विद्यार्थ्याने ‘गावी गेलो आणि येताना आजीचा निरोप घेतला’ असे लिहिण्याच्या प्रयत्नात ‘मे’ गाळला. वाक्याचा अर्थ झाला, ‘येताना आजीला कामावरून काढले’.

पण ‘देस्पेदीर-से’चा आणखी एक अर्थ आहे. नोकरीच्या संदर्भात तो ‘राजीनामा देणे, स्वतःहून नोकरी सोडणे’ असा होतो. वाट तीच : मालकाने नव्हे, स्वतःच स्वतःची पाठवणी केली.

त्या पत्रातल्या पाच शब्दांपैकी दुसरा शब्द आठवा. तो ‘मे’ आहे. मुलीने तो सोडून दिला होता आणि यात तिचा दोष नव्हता. साध्या विधानात ‘मे’ क्रियापदाच्या मागे, जोडरेघेने बांधलेला असतो, ‘देस्पेदी-मे’ असा. तिथे तो सहज दिसतो. परंतु वाक्यात नकार आला, ‘के’ म्हणजे ‘की’ आले, किंवा प्रश्नार्थक शब्द आला, तर तो सुटून क्रियापदाच्या पुढे जातो : ‘नांउ मे लेव्हान्तु’, मी उठत नाही. आजोबांचे वाक्य ‘तुला कळलेच असेल की’ असे सुरू होत होते, म्हणून ‘मे’ पुढे गेला, दोन अक्षरांचा शब्द होऊन उभा राहिला, आणि कोशात क्रियापद शोधणाऱ्या नजरेतून निसटला.

नुसता ‘मे’ दिसला म्हणूनही निकाल लागत नाही. ‘के मे देस्पेदिरांव’ असे असते तरी ‘मे’ असताच, आणि अर्थ झाला असता ‘की त्यांनी मला काढले’. म्हणून पाहायचे ते क्रियापदाचे शेवट. ‘देस्पेदी’ हे ‘मी’चे रूप, ‘देस्पेदिरांव’ हे ‘ते लोक’ यांचे. कर्ता मी आणि ‘मे’ही मीच असेन, तर क्रिया कर्त्यापाशी राहिली. कर्ता दुसरा असेल, तर ‘मे’ म्हणजे साधे ‘मला’. ही जुळणी तपासली की चूक होत नाही. तिसऱ्या पुरुषात ती आणखी सोपी, कारण ‘से’ नेहमी कर्त्याकडेच वळते. दुसऱ्याला काढले असते तर ‘ओ’ किंवा ‘आ’ आले असते.

उरला ‘काझा’. त्याचा अर्थ घर, आणि व्यापारी पेढी असाही. म्हणजे ‘घराचा निरोप घेतला’ हाही अर्थ बसू शकत होता. तो पुढच्या ओळीने बाद केला. तिथे लिहिले होते की मालकाने आणखी एक महिना थांबायला सांगितले, पण मी थांबलो नाही. ज्याला काढले त्याला कोणी थांबायला सांगत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. काही क्रियापदांना ‘से’ जन्मापासून चिकटलेले असते. ‘केइशार-से’ म्हणजे तक्रार करणे, ‘आर्रेपेंदेर-से’ म्हणजे पस्तावणे. त्यांचे ‘से’ काढलेले रूप वापरात नाही, त्यामुळे मूळ काय आणि वळण काय असे विचारून उपयोग नाही. ती जशीच्या तशी शिकावीत. दुसरे, ‘लेंब्रार’ म्हणजे आठवण करून देणे आणि ‘लेंब्रार-से’ म्हणजे आठवणे ही जोडी पुस्तकात नीटस दिसते, पण लिखाणात ‘से’ नसतानाही ‘आठवणे’ असा अर्थ भेटतो, आणि ब्राझीलच्या बोलण्यात तर ‘से’ सर्रास गळते. गोव्यातली कागदपत्रे पोर्तुगालच्या वळणाची असल्याने तिथे हे कमी भेटेल, पण शेजारचे वाक्य वाचल्याशिवाय अर्थ ठरवू नये.

ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी कोश उघडण्याआधी क्रियापदाच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. मागे जोडरेघ आहे का, पुढे सुटा ‘मे’, ‘ते’, ‘से’, ‘नुश’ आहे का, आणि तो कर्त्याशी जुळतो का. जुळत असेल तर कोशात क्रियापदाच्या नोंदीत खाली उतरून ‘से’सह दिलेला अर्थ वाचावा; तो बहुधा शेवटी असतो.

त्या मुलीने पत्र पुन्हा एकदा, बोट ठेवून, मोठ्याने वाचले. आजोबांनी नोकरी का सोडली हे पत्रात नाही. पण त्यांना कोणी काढले नव्हते. ती म्हणाली, “आत्या अजून आहे. तिला आजच फोन करते.”