मनगट वाकलं की मूठ का सुटते?

बसल्या जागी उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. मनगट सरळ असू द्या, जरा मागे कललं तरी चालेल. आता मूठ आवळलेलीच ठेवून मनगट आतल्या बाजूला जितकं वाकेल तितकं वाकवा. बोटं सैल पडली ना? जोर तर तुम्ही तेवढाच लावताय. सोयाबीन कापणाऱ्या बाईचा विळा मनगट दुमडलं की हातात फिरतो. समोरच्याची पकड सोडवायची तर पैलवान आधी त्याचं मनगट दुमडतो. मग तो जोर गेला कुठे?

मूठ वळवणारे मोठे स्नायू पंजात नसतात. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून पुढे बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकलं की या स्नायूंची दोन्ही टोकं जवळ येतात आणि स्नायू आखूड होतो.

शिजलेलं मटण बोटांनी सोडवलं की तारा निघतात, तुम्ही पाहिल्या आहेत. अशा एका तारेत पुष्कळ स्नायुतंतू एकत्र बांधलेले असतात. त्यातला एक सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर आडवे पट्टे दिसतात, एकसारख्या अंतरावर. त्यातलं एक घर म्हणजे सारकोमिअर. आपल्या स्नायूत एका मिलिमीटरमध्ये अशी साडेतीनशेच्या वर घरं एकापुढे एक असतात.

घराच्या दोन्ही टोकांना भिंत आहे. दोन्ही भिंतींतून बारीक तंतू आत येतात, ते ॲक्टिनचे. मधोमध जाड तंतू असतात, ते मायोसिनचे. जाड तंतूला चिमुकली डोकी असतात, फक्त अगदी मध्यभागी नसतात. ही डोकी बारीक तंतूला पकडून मध्याकडे ओढतात. रस्सीखेचीत दोरीवर जितके हात, तितकी ओढ, इथेही तेच. बारीक तंतूपर्यंत जितकी डोकी पोचतील तितकं बळ.

घर फार ताणलं तर बारीक तंतू बाहेर सरकतात. डोकी आहेत, पण समोर धरायला काही नाही. घर फार आखूड झालं तर अडचण वेगळी. दोन्हीकडचे बारीक तंतू मधे येऊन एकमेकांवर चढतात, आणखी आखडलं तर जाड तंतू भिंतीला जाऊन टेकतो. गर्दीत हात चालत नाहीत, तसं. 1966 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॉर्डन, हक्स्ली आणि ज्युलियन यांनी बेडकाचा एकच स्नायुतंतू घेऊन हे बळ लांबीगणिक मोजलं. मधे सपाट माथा आणि दोन्हीकडे उतार, असा आलेख आला. तंतूंच्या लांबीवरून जे गणित निघत होतं, त्याच्याशी तो जुळला.

माणसाचे बारीक तंतू बेडकाच्यापेक्षा लांब असतात, म्हणून आपला माथा साधारण 2.6 ते 2.8 मायक्रॉनवर येतो आणि 4.2 च्या आसपास बळ शून्य होतं. हातावरच्या शस्त्रक्रियेत उघड्या स्नायूवर लेझर टाकून घरांची लांबी मोजता येते, कारण पट्ट्यांमुळे प्रकाश फाकतो. मनगट मागे उचलणाऱ्या एका स्नायूत रिचर्ड लीबर आणि सहकाऱ्यांना मनगट मागे असताना सुमारे 2.6 आणि पूर्ण आत वाकवल्यावर सुमारे 3.4 मायक्रॉन मिळालं. आता हिशेब करू. माथा 2.8 ला संपतो, शून्य 4.2 ला, म्हणजे उतार 1.4 चा. 3.4 पासून शून्यापर्यंत 0.8 उरतात. 0.8 भागिले 1.4, म्हणजे बळ सुमारे 57 टक्के.

म्हणजे मनगट आत वाकलं की दुहेरी मार बसतो. मूठ वळवणारे स्नायू आखूड पडतात आणि मनगट मागे धरणारा स्नायू ताणला जाऊन दुबळा होतो. त्यात पंजाच्या मागच्या बाजूच्या कंडरा ताणल्या जातात आणि त्या बोटांना उघडायला ओढतात. हे तिसरं कारण सारकोमिअरचं नाही, पण ते गाळून चालणार नाही. ताणलेला स्नायू हाताला टणक लागतो म्हणून त्यात बळ आहे असं समजू नका. तो ताण रबरासारखा, न ओढता आलेला असतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मला मनगट गळालेल्या रुग्णात दिसतो. दंडाचं हाड मोडताना कधी कधी रेडियल नस दुखावते आणि मनगट लोंबकळतं. मूठ वळवणाऱ्या स्नायूंची नस वेगळी, ती शाबूत असते; तरी पेला धरवत नाही. मनगट मागे धरणारी पट्टी बांधली की त्याच क्षणी पकड सुधारते. नस बरी झालेली नसते, स्नायू वाढलेला नसतो. घरांची लांबी फक्त जागेवर आलेली असते.

दवाखान्यात पकडीचं बळ मोजतील तेव्हा मनगट सरळ किंवा किंचित मागे ठेवा. दुसऱ्या खेपेला मोजतील तेव्हाही तसंच ठेवा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही.