गजकर्ण, वांग आणि फिकट चट्टा : कुणाला दाखवायचं?



अंगावर काही उठलं की आपण आधी कुणाला दाखवतो? गटाच्या बैठकांत आम्ही हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेक जणी हसून एकच उत्तर देतात : मेडिकलवाल्याला. मग साधा डॉक्टर, स्किनचा डॉक्टर आणि शहरातल्या काचेच्या दारामागची कॉस्मेटॉलॉजिस्ट मॅडम, यांतलं कुणाकडे कधी जायचं, यावर चर्चा सुरू होते आणि ती काही संपत नाही. म्हणून आज आम्ही घराघरांत दिसणारा एकच आजार घेऊन हे बोलणार आहोत. तो म्हणजे गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं.

समजा, भातलावणीच्या दिवसांत एका बाईच्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथे, रुपयाएवढं गोल उठलं. कड लालसर आणि उचललेली, कडेला बारीक खपल्या, मधली कातडी जरा निवळ, आणि खाज तर विचारू नका. दिवसभर ओल्या लुगड्यात उभं राहिलं की ही बुरशी फोफावते. मेडिकलमधून एक ट्यूब आली. तीन दिवसांत खाज गेली, लाली गेली, बाई खूश झाली आणि मलम बंद केलं. आठ-दहा दिवसांनी तेच गोल दुप्पट मोठं होऊन आलं. पुन्हा ट्यूब. असं करत दिवाळीपर्यंत ते जांघेत, छातीखाली पसरलं, आणि धाकट्या मुलाच्या पाठीवरही दिसायला लागलं.

इथे नेमकं काय झालं? त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइडही असतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही नाव असेल तर ते स्टिरॉइड समजायचं. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, म्हणून बरं वाटतं. पण कातडीची बुरशीशी लढायची ताकदही तेच दाबतं. बुरशी आत मजेत वाढत राहते. काही दिवसांनी गजकर्णाचा नेहमीचा गोल आकारही बिघडतो, गोलात गोल दिसायला लागतात, आणि मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. जांघेची कातडी नाजूक असते, तिथे हे मलम महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि पोटावर बाळंतपणात पडतात तसे कायमचे वण पडतात. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची असतात. आपल्याकडे ती गोळी-बिस्किटासारखी मिळतात, याचा आम्हाला राग येतो.

तर हिने कुणाकडे जायला हवं होतं? रुपयाएवढं होतं तेव्हा साध्या डॉक्टरकडे, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. एक-दोन ताजे चट्टे असतील तर त्यासाठी शहर गाठायची गरज नाही. तिथले डॉक्टर नुसतं बुरशीचं मलम देतात. ते लावायची रीत मात्र नीट समजून घ्यायची. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्ट्यावर लावायचंच, पण कडेबाहेर दोन बोटं चांगल्या कातडीलाही लावायचं, कारण बुरशी कडेनेच पुढे सरकते. आणि चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे लावत राहायचं. बहुतेक जणी इथेच चुकतात. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांवर एकदम उपचार हवेत, नाहीतर मुलाचं आईला आणि आईचं मुलाला चालूच राहतं. टॉवेल वेगळा ठेवायचा. परकर आणि आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून, उन्हात वाळवायचे. लाजेपायी ते साडीखाली झाकून सावलीत वाळवलेले आम्ही खूप ठिकाणी पाहतो.

आता दिवाळीनंतरची तीच बाई. आता तिने त्वचारोगतज्ज्ञाकडेच जायला हवं. कारणं तीन : स्टिरॉइड लावून झालंय, चट्टे अंगभर पसरलेत, आणि ते परत परत येतंय. साध्या डॉक्टरांनी दिलेलं मलम नियमाने लावूनही तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, तरीही हाच रस्ता. तज्ज्ञ कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात, म्हणजे बुरशी आहे की दुसरं काही, ते कळतं. मग बहुधा पोटातून गोळ्या देतात, त्याही काही आठवडे. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर गोळी घेण्याआधी सांगायलाच हवं. हे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात केसपेपरवर भेटतात. कोणत्या दिवशी बसतात, ते आधी आशाताईंकडून विचारून घ्यावं, एसटीची एक फेरी वाचते. जाताना आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्यायच्या.

आणि कॉस्मेटॉलॉजिस्ट? हे नाव मोठं वाटतं, पण ते लावणारी व्यक्ती डॉक्टर असेलच असं नाही. कुणी त्वचारोगतज्ज्ञ हे काम करतात, तर कुणी थोड्या महिन्यांचा कोर्स केलेला असतो. ओळखायचं कसं? चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या नावापुढे एमबीबीएसनंतरची त्वचारोगाची एमडी किंवा डिप्लोमा असतो. नको असलेले केस काढणं, मुरुमांचे जुने खड्डे बुजवणं अशा दिसण्याच्या कामासाठी तिथे जावं, तेही डॉक्टर असेल तर. खाज, पू, खपली, चट्टा यांचं तिथे काम नाही.

वांगाचं मात्र फसवं असतं. बाळंतपणात गालावर आलेले डाग म्हणजे दिसण्याचा प्रश्न, म्हणून पार्लरमधली बिनलेबलची क्रीम लावली जाते. महिनाभरात चेहरा उजळतो. क्रीम थांबवली की लाल होतो, आग होते, पुरळ येतं, म्हणून पुन्हा तीच क्रीम. असं व्हायला लागलं की त्यात स्टिरॉइड असण्याचा संशय घ्यावा आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठावा, पार्लर नव्हे. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि पारा मूत्रपिंड खराब करतो.

उलट काही त्रास कातडीवर दिसतात, पण त्यांचं मूळ कातडीत नसतं. पुरळ काहीच नाही आणि अंगभर खाज, किंवा गळवं एकामागून एक येतात, तर साध्या डॉक्टरकडून आधी रक्तातली साखर तपासून घ्यायची.

फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही, दुखत नाही, आणि टोचलं तरी कळत नाही, तो कुणी दाखवायलाच येत नाही, कारण त्रास काहीच नसतो. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यासाठी थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. औषध फुकट मिळतं, चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. वेळेवर घेतलं तर हातापायांची बोटं वाचतात.

एका गोष्टीत मात्र यांपैकी कुणाची वाट बघायची नाही. नवीन गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं आणि सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सोलायला लागली, तर गोळी थांबवून, रात्र असली तरी १०८ला फोन करून मोठं रुग्णालय गाठायचं. गोळीचं पाकीट सोबत घ्या.