गवत, ऊन आणि पावसाचा महिना

वनस्पती-परिस्थितिकीच्या या परिषदेत अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडची रीत आहे. आज मी ती बाजूला ठेवतो आणि एकाच प्रश्नावर बोलतो. कोणते गवत कुठे वाढायचे, हे ठरण्यात उष्णतेचा वाटा किती आणि पाण्याचा किती?

सी-४ गवते उष्ण आणि कोरड्या प्रदेशांतली, सी-३ गवते थंड आणि ओलसर प्रदेशांतली, असे आपण वर्गात शिकवतो. हे विधान चूक नाही. पण उष्णता आणि कोरडेपणा त्यात इतके चिकटून येतात की विद्यार्थ्याला ते एकच कारण वाटू लागते. प्रत्यक्षात ही दोन कारणे वेगळी आहेत आणि पानाच्या आत ती वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात.

आधी उष्णता घेऊ. गहू, भात, बांबू यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम रुबिस्को हे विकर थेट करते आणि पहिला पदार्थ तीन कार्बनचा बनतो. या विकराची अडचण अशी, की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही पकडते. मग प्रकाशश्वसन सुरू होते आणि मिळवलेल्या कार्बनचा काही भाग परत हवेत जातो. तापमान चढले की रुबिस्कोची निवड आणखी ढिली होते. शिवाय पेशीतल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा वेगाने घटतो. त्यामुळे तिशीच्या आसपासच्या तापमानाला सी-३ पान कमाईचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गमावते.

ज्वारी, बाजरी, ऊस, हरळी यांनी वेगळी वाट धरली. उसातली ही वाट हवाईत कोर्टशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडली. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनच्या हॅच आणि स्लॅक यांनी तिचे टप्पे उलगडले. या पानांत पहिली पकड दुसऱ्याच विकराची असते आणि त्याला ऑक्सिजनचा मोह नसतो. चार कार्बनचे आम्ल तयार होते, ते शिरांभोवतीच्या जाड पेशींत जाते, तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रुबिस्कोच्या भोवती दाटतो. प्रकाशश्वसन जवळजवळ थांबते. मात्र हे काम फुकट होत नाही. प्रत्येक रेणूमागे एटीपीचे दोन जादा रेणू खर्ची पडतात. थंडीत प्रकाशश्वसन मुळातच कमी असते, म्हणून तिथे हा खर्च अंगावर येतो. उन्हाळी हवेत तो वसूल होतो.

जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी कोणत्या तापमानाला होते, हे एहलरिंगर आणि ब्योर्कमन यांनी १९७७ साली पानांवर मोजले. त्या मोजमापांच्या आधारे १९९८ साली कोलात्झ, बेरी आणि क्लार्क यांनी साऱ्या पृथ्वीसाठी एक नियम सुचवला. ज्या महिन्याचे सरासरी तापमान २२ अंश सेल्सिअसच्या वर आणि त्याच महिन्यात निदान २५ मिलिमीटर पाऊस, तो महिना सी-४ गवताचा. नियमाचा पहिला भाग सगळे उद्धृत करतात. माझा आग्रह दुसऱ्या भागासाठी आहे. गवत वाढते ते ओल असते तेव्हाच. म्हणून वर्षाचे सरासरी तापमान पाहून काही कळत नाही. ओल असते त्या महिन्यांचे तापमान पाहावे लागते.

केनियातल्या पर्वतांवर हे नीट दिसते. विषुववृत्ताजवळ वर्षभर तापमान फारसे बदलत नाही, ते बदलते उंचीप्रमाणे. टीसझेन आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली तिथली गवते उंचीनुसार मोजली. साधारण २,००० मीटरच्या खाली जवळजवळ सगळी सी-४ आणि ३,००० मीटरच्या वर जवळजवळ सगळी सी-३ आढळली. कॅलिफोर्नियाची स्थिती याच्या उलट. तिथला उन्हाळा चांगला तापतो आणि कोरडाही असतो. शिकवलेल्या नियमाप्रमाणे ती भूमी सी-४ गवतांची हवी. पण तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, ओल थंडीतच असते, आणि म्हणून ती गवताळ राने सी-३ गवतांची आहेत. कोरडेपणा असूनही सी-४ तिथे येत नाही, कारण ऊन असते तेव्हा पाणी नसते.

आता आपल्याकडे येऊ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माण तालुका आहे, तिथे पाचशेच्या आसपास. पाऊस दहापटीने बदलतो, तरी दोन्हीकडची उघड्यावरची गवते बहुतेक सी-४च. माणदेशाच्या माळावर कुसळ, मारवेल, पवन्या. सह्याद्रीच्या सड्यांवर डायमेरिया, इस्किमम, अरुंडिनेला. सी-३ गवते शोधायची तर बांबूच्या बेटात, झाडांच्या सावलीत नाहीतर पाणथळीत जावे लागते. तिथे आयझाक्ने आणि रानटी भात सापडतात. कारण आपला पाऊस जूननंतरचा, म्हणजे उबदार महिन्यांतला आहे.

पण इथेच नियमाला एक ठेच लागते आणि ती लपवू नये. महाबळेश्वरच्या जुलैचे सरासरी तापमान विशीच्या आसपास असते, म्हणजे २२ अंशांच्या खाली. ढग-धुक्यामुळे ऊनही मिळत नाही. हिशेबाने हे महिने सी-३ गवतांचे ठरतात, आणि पठार मात्र सी-४ गवतांनी भरलेले असते. याचे एक मोठे कारण गवतांच्या वंशावळीत आहे, असे मला वाटते. गहू-बार्लीच्या उपकुळातली गवते सगळी सी-३ आहेत आणि थंडीत वाढण्याची क्षमता त्यांनी स्वतंत्रपणे मिळवलेली आहे. सी-४ गवते सगळीच्या सगळी दुसऱ्या मोठ्या शाखेतली आहेत, आणि त्या शाखेचे मूळ उष्ण प्रदेशातले. आपण उंचीप्रमाणे सी-३ आणि सी-४ यांची तुलना करतो, तेव्हा पुष्कळदा आपण दोन घराण्यांची तुलना करत असतो आणि फरकाचे श्रेय प्रकाशसंश्लेषणाला देऊन टाकतो. एरिका एडवर्ड्स आणि ख्रिस्तोफर स्टिल यांनी २००८ साली हवाईच्या गवतांवर हे दाखवून दिले. एकाच शाखेतल्या सी-३ आणि सी-४ गवतांची तुलना केली, तेव्हा तापमानाचा फरक उरला नाही, पाण्याचा उरला. सी-४ गवते कोरड्या जागी होती.

म्हणजे पाण्याची बाजू स्वतंत्र आहे. सी-४ पानातली पहिली पकड इतकी घट्ट असते की पर्णरंध्रे अर्धवट मिटलेली असली तरी काम चालते. म्हणून तेवढाच कार्बन मिळवायला सी-४ गवताला सी-३च्या जवळपास निम्मे पाणी लागते. सोलापूरकडची रब्बी ज्वारी आठवा. पेरणीनंतर पाऊस जवळजवळ नाही, आणि काळ्या जमिनीने मुरवून ठेवलेल्या ओलीवर पीक दाण्यापर्यंत पोहोचते. २५ मिलिमीटरची अट इथे शब्दशः लावली तर पीकच उभे राहायला नको. पावसाचा महिना आणि ओलीचा महिना यांत जमिनीची खोली आणि पोत उभे असतात.

तापमान आणि पाणी उलट दिशांनी ओढू लागले तर काय होते? याचे सगळ्यांत बोलके उदाहरण मला निलगिरीत दिसते. उटीजवळ २,००० मीटरहून उंचावर दलदलींत हजारो वर्षांचा पीट साठला आहे. सुकुमार, रमेश, पंत आणि राजगोपालन यांनी त्याच्या थरांतल्या कार्बन-१३चे प्रमाण मोजून १९९३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. सी-३ वनस्पतींचे मूल्य उणे २७ प्रतिहजारच्या आसपास असते आणि सी-४ गवतांचे उणे १३च्या आसपास, त्यामुळे पीटचा प्रत्येक थर त्या काळचे मिश्रण सांगतो. सुमारे २०,००० वर्षांचा हा आलेख आहे. गेल्या हिमयुगाच्या ऐन थंडीत निलगिरी आजच्यापेक्षा गार होती. तापमानाच्या नियमाने तेव्हा सी-३ वाढायला हवे होते, पण आलेख त्या काळात सी-४कडे झुकतो. पुढे हवा तापली, मोसमी पाऊस वाढला, आणि आलेख सी-३कडे वळला. थंडीत सी-४, उबेत सी-३!

संशोधकांनी याचा अर्थ दुबळा मोसमी पाऊस असा लावला, आणि तो मला पटतो. पण त्या वेळी आणखी एक गोष्ट बदललेली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात १८०-१९० भागांपर्यंत उतरला होता. तो कमी झाला की रुबिस्कोची अडचण वाढते आणि तोंडमिळवणीचे तापमान कित्येक अंशांनी खाली येते. म्हणजे कोरडेपणा आणि विरळ कार्बन डायऑक्साइड हे दोघेही सी-४च्या बाजूने होते. केवळ पीटवरून त्यांचे वाटे वेगळे काढता येत नाहीत.

या मोजणीत चुका कशा शिरतात, हेही सांगतो. समजा एका थराचे मूल्य उणे १८ आले. उणे २७ आणि उणे १३ ही टोके धरली तर सी-४चा वाटा ६४ टक्के निघतो. पण ही टोके आजच्या पानांची आहेत. कोळसा आणि तेल जाळल्यामुळे आजच्या हवेचे मूल्य निदान दीड एककाने खाली गेले आहे. जुन्या हवेसाठी टोके उणे साडेपंचवीस आणि उणे साडेअकरा धरली, तर तोच वाटा ५४ टक्क्यांवर येतो. शिवाय पाण्याच्या ताणाखाली सी-३ पानाचे स्वतःचे मूल्यही वर सरकते, आणि कोरड्या काळात सी-४ आहे त्यापेक्षा जास्त दिसू लागते. आणि सी-३ म्हणजे गवतच असेही नाही. शोलाची झाडे सी-३ आहेत, दलदलीतले पुष्कळसे लव्हाळेही. आलेख सी-३कडे वळला तेव्हा थंडीतले गवत वाढले की जंगल, याचे उत्तर परागकण पाहिल्याशिवाय देता येत नाही.

मित्रहो, आपल्या गवताळ प्रदेशांच्या सर्वेक्षणांत जातींची यादी आणि वार्षिक पाऊस एवढेच छापलेले मी बहुधा पाहतो. माझी विनंती आहे की प्रत्येक ठिकाणचा पाऊस आणि तापमान महिनावार द्यावे आणि मातीची खोलीही नोंदवावी. प्रत्येक जातीसमोर तिचे उपकुळ आणि प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग लिहावा. शंका आली तर पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरावा; शिरांभोवती जाड पेशींचे कडे आणि दोन शिरांमध्ये दोन-चारच पेशी दिसल्या, तर ते गवत सी-४ असण्याची शक्यता मोठी, आणि वाळलेल्या नमुन्याच्या समस्थानिक मोजणीने ते पक्के होते. हे काम सड्यावर एका पावसाळ्यात करता येईल. पुढच्या परिषदेत अशा नोंदींवरचे निबंध निदान काही महाविद्यालयांतून यावेत, अशी माझी अपेक्षा आहे.